हळदपुडीसाठीं बरणी केवढी घ्यावी?

हळद गड्डा-कांडीच्या रूपानें बाजारांत न नेतां तिची पूड करून, ती बरणींत भरून, मंडळाच्या नांवानें विकण्याचा उद्योग कांहीं शेतकरी मंडळांनीं हातीं घेतला आहे. दळणाचा खर्च, चिठ्ठीची छपाई, दुकानदाराची सूट या सर्वांचा हिशेब आधीं मांडला जातो. परंतु बरणी केवढी घ्यावी, हा प्रश्न बहुधा अगदीं शेवटीं आणि तोही अंदाजानें सोडविला जातो. "अर्ध्या किलोस एक लिटरची बरणी पुरेल" असें कोणी म्हणतो, दुसरा म्हणतो, "एवढी कशाला, पाऊण लिटरची बस्स होईल." बरण्या एकदम दोन-तीन हजार घ्याव्या लागतात व घेतलेल्या परत करतां येत नाहींत. म्हणून हा प्रश्न अंदाजावर न सोडतां मोजून कसा सोडवावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. उदाहरणादाखल अर्धा किलो हळदपूड घेतली आहे. रीत मात्र मिरचीपूड, धनेपूड, शिकेकाई, डाळीचें पीठ यांपैकीं कशासही लावतां येईल.

एकाच वजनाचीं दोन आकारमानें

पाण्याचें किंवा तेलाचें गणित सरळ असतें. एक लिटर पाणी कसेंही ओता, तें एक लिटरच राहतें. भुकटीचें तसें नाहीं. भुकटी म्हणजे कण आणि कणांमधील हवा यांचें मिश्रण होय. वजन कणांचें असतें, जागा मात्र कण व हवा दोघेही अडवितात. ताजी चाळलेली पूड भांड्यांत हलक्या हातानें सोडली म्हणजे कण एकमेकांस टेकून कमानी करतात आणि त्या कमानींखालीं हवेच्या पोकळ्या राहतात. भांडें आपटलें कीं कमानी मोडतात, बारीक कण मोठ्या कणांच्या फटींत उतरतात, हवा वर निघून जाते आणि पूड खालीं बसते. वजन तेंच, जागा मात्र कमी.

ही गोष्ट आमच्या वडील पिढीस चांगली ठाऊक होती. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें मेट्रिक वजनें-मापें आलीं, त्यापूर्वीं धान्य पायलीनें व अडशिरीनें मोजलें जात असे. माप भरतांना त्यास धक्का द्यावयाचा कीं नाहीं, यावर घेणारा व देणारा यांची हुज्जत पडे. कारण हलविलेल्या पायलींत अधिक धान्य मावे. धान्याचे दाणे टणक व जड असल्यामुळें तेथें फरक थोडा असे. दळलेल्या पुडींत तोच फरक चौथाईपर्यंत, क्वचित् तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही जातो.

म्हणून भुकटीस एक घनता नसून दोन टोकांच्या घनता असतात. पूड सैल सोडली असतां येणारी ती *सैल घनता*. आणि भांडें पुष्कळ वेळां ठोकून पूड आणखी बसेनाशी झाली म्हणजे येणारी ती *ठोकीव घनता*. घनता म्हणजे एका मिलिलिटर जागेंत किती ग्रॅम पूड मावते तें. बरणीच्या कामीं हेंच उलट सांगणें सोयीचें पडतें, म्हणजे शंभर ग्रॅम पुडीस किती मिलिलिटर जागा लागते तें. पुढील सर्व आंकडे आम्ही त्याच रीतीनें दिले आहेत.

या दोन आंकड्यांचीं कामें निरनिराळीं आहेत आणि तीं एकमेकांत मिसळल्यामुळेंच चुकीची बरणी घेतली जाते. सैल आंकडा सांगतो, भरतेवेळीं पूड बरणींत मावेल कीं नाहीं. ठोकीव आंकडा सांगतो, गाडीचे धक्के खाऊन बरणी दुकानाच्या फळीवर पोंचल्यावर ती किती रिकामी दिसेल. केवळ सैल आंकड्यावर बरणी घेतली तर पूड सहज मावते, परंतु गिऱ्हाइकाच्या हातीं तिसरा हिस्सा रिकामी बरणी पडते, आणि वजन पुरेपूर असूनही त्यास फसविल्यासारखें वाटतें. केवळ ठोकीव आंकड्यावर घेतली तर ती दिसावयास भरगच्च दिसेल, परंतु भरतेवेळीं पूड गळ्यावर डोंगर करून बसेल, कांठावर सांडेल आणि झांकण बसणार नाहीं. योग्य बरणी या दोन टोकांच्या मध्यें कोठेंतरी असते, आणि ती कोठें असते हें मोजल्यावांचून कळत नाहीं.

पूड मोजण्याची रीत

यास उपकरणें थोडींच लागतात. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा कांटा, २५० मिलिलिटरची खुणा असलेली उभी मोजनळी, एक नरसाळें आणि सुमारें एक मिलिमीटर छिद्रांची चाळणी. मोजनळी शाळेंत किंवा मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेंत उसनी मिळूं शकते. ती प्लॅस्टिकची असल्यास ठोकतांना फुटण्याचें भय राहत नाहीं.

पूड गिरणींतून आल्याबरोबर मोजूं नये. त्या वेळीं ती ऊन असते व दळतांना तींत शिरलेली हवा भरून राहिलेली असते. एक रात्र झांकून ठेवून, थंड झाल्यावर ती चाळणींतून हलकेच गाळावी म्हणजे गोळे मोडतात. नंतर बरोबर १०० ग्रॅम पूड तोलून नरसाळ्यांतून सावकाश नळींत सोडावी. नळीस धक्का लागूं देऊं नये, पूड काडीनें दाबूं नये. माथा उंचसखल असल्यास पातळ पट्टीनें न दाबतां सारखा करून खूण वाचावी. हें सैल आकारमान.

त्यानंतर नळी सुमारें अर्धा इंच उचलून घडी केलेल्या जाड कापडावर सरळ सोडावी. हा एक ठोका. औषधशास्त्राच्या अधिकृत ग्रंथांत यासाठीं यंत्र सांगितलें आहे. तें नळी सुमारें १४ मिलिमीटर उचलून मिनिटास ३०० वेळां सोडतें, आणि १०, ५०० व १२५० ठोक्यांनंतर खूण वाचतात. ५०० व १२५० या दोन वाचनांत २ मिलिलिटरांहून अधिक फरक नसेल तर पूड बसली असें समजतात. असल्यास आणखी १२५० ठोके देतात. मंडळाच्या कामास यंत्र नसलें तरी चालतें. दोघांनीं आळीपाळीनें ठोके दिले तर अर्ध्या-पाऊण तासांत काम होतें. आमची सूचना एवढीच कीं, १०, ३० व १०० ठोक्यांनंतरचीं वाचनेंही लिहून ठेवावीं. बरणी भरणारा मनुष्य बाराशें ठोके देणार नाहीं. तो दहा-वीस देईल. तेव्हां खरा उपयोग या मधल्या आंकड्यांचाच होतो.

हें सर्व तीन वेळां नवी पूड घेऊन करावें आणि सरासरी काढावी. तीन सैल वाचनांत पांच मिलिलिटरांहून अधिक अंतर पडलें तर पूड ओतण्याची रीत सारखी राहिली नाहीं असें समजून पुन्हां मोजावें. सैल वाचन फार नाजूक असतें. नरसाळें उंच धरलें तरी तें बदलतें. म्हणून एकाच मनुष्यानें, एकाच उंचीवरून ओतावें हें बरें.

आतां आंकडे पाहूं. एकाच मंडळाची हळद दोन गिरण्यांत दळली आहे असें धरूं. पहिल्या गिरणीचें दळण जरा जाडसर, दुसरीचें फार बारीक. शंभर ग्रॅम पुडीस लागलेली जागा मिलिलिटरांत अशी आली:

| ठोके | पहिलें दळण | दुसरें दळण |
|---|---|---|
| सैल | २०८ | २२४ |
| १० | १८८ | २०६ |
| ३० | १७८ | १९२ |
| १०० | १६६ | १७६ |
| ५०० | १५७ | १६६ |
| १२५० | १५६ | १६४ |

घनतेच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिल्या दळणाची सैल घनता ०.४८ व ठोकीव ०.६४ ग्रॅम दर मिलिलिटर येते, दुसऱ्याची ०.४५ व ०.६१.

या कोष्टकांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पूड बसण्याचें बरेंचसें काम आरंभींच होतें. पहिल्या दळणांत एकंदर ५२ मिलिलिटर घट झाली. त्यांपैकीं २० पहिल्या दहा ठोक्यांत आणि ३० पहिल्या तीस ठोक्यांत झाली. पुढें शेंकडों ठोके देऊन उरलेली २२ मिळाली. दुसरी, बारीक दळण सैल असतां अधिक जागा घेतें. बारीक दळलें म्हणजे पूड कमी जागेंत मावेल असें पुष्कळांस वाटतें. प्रत्यक्षांत कण जितके बारीक व हलके तितके ते एकमेकांस चिकटून कमानी करतात व हवा अधिक धरून ठेवतात. हळदींत तेलाचा अंश असल्यामुळें हा चिकटपणा आणखी वाढतो.

सैल आकारमानास ठोकीव आकारमानानें भागलें असतां जो आंकडा येतो, त्यावरून पुडीचा स्वभाव कळतो. पहिल्या दळणाचा तो १.३३ व दुसऱ्याचा १.३७ आहे. हा आंकडा १.२५ च्या आंत असेल तर पूड बऱ्यापैकीं वाहती समजतात व बरणीचा प्रश्न सोपा असतो. १.३५ च्या पुढें गेला तर पूड नरसाळ्यांत अडकेल, भरतांना वेळ लागेल आणि बरणी निवडतांना काळजी घ्यावी लागेल असें समजावें. आपलीं दोन्ही दळणें या सीमेच्या अलीकडे-पलीकडे आहेत.

बरणी मोजण्याची रीत

पुडीइतकीच बरणीही मोजावी लागते. विक्रेता "एक लिटरची बरणी" म्हणतो तें तिचें नांव असतें; कांठोकांठ भरल्यास तींत त्याहून अधिक मावतें, आणि भुकटीनें भरतां येण्याजोगी जागा कांठोकांठ मापापेक्षां कमी असते. हीं दोन मापें आपण स्वतः काढावीं.

रिकामी बरणी कांट्यावर ठेवून तिचें वजन घ्यावें, पाण्यानें कांठोकांठ भरून पुन्हां घ्यावें. दोहोंतील फरक जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर तिचें कांठोकांठ माप. पाण्याच्या उष्णतेनें पडणारा फरक शेंकडा एकाहून कमी असल्यामुळें तो सोडून द्यावा.

यांतून गळ्याशीं सोडावयाची जागा वजा करावी. पूड कांठापर्यंत भरली तर झांकण बसवितांना ती उडते, कांठावर राहते, आणि झांकणाखालीं चिकटवावयाचा पातळ पत्रा नीट चिकटत नाहीं. तेथूनच पुढें ओल शिरून पूड गोळा होते. यासाठीं कांठाखालीं निदान एक सेंटिमीटर जागा मोकळी असावी. गळ्याचा आंतील व्यास ८ सेंटिमीटर असेल तर त्याची त्रिज्या ४. ४ चा वर्ग १६, त्यास ३.१४ नें गुणल्यास सुमारें ५० चौरस सेंटिमीटर क्षेत्र येतें. एक सेंटिमीटर उंचीस ५० मिलिलिटर जागा वजा झाली. याप्रमाणें चार बरण्यांचीं मापें अशीं धरूं:

| बरणीचें नांव | कांठोकांठ माप | भरण्याजोगी जागा |
|---|---|---|
| ७५० | ७९२ | ७४२ |
| ९०० | ९४५ | ८९५ |
| १००० | १०५० | १००० |
| १२०० | १२५५ | १२०५ |

निवड

अर्ध्या किलोस किती जागा लागेल तें काढण्यासाठीं पहिल्या कोष्टकांतील आंकड्यांस पांचानें गुणावें. पहिल्या दळणास सैल १०४०, दहा ठोक्यांनंतर ९४०, तीस ठोक्यांनंतर ८९०, व पूर्ण बसल्यावर ७८० मिलिलिटर. दुसऱ्या दळणास सैल ११२०, दहा ठोक्यांनंतर १०३०, तीस ठोक्यांनंतर ९६०, शंभर ठोक्यांनंतर ८८०, व पूर्ण बसल्यावर ८२०.

आतां एकेक बरणी लावून पाहूं.

७५० च्या बरणींत ७४२ मिलिलिटर जागा आहे. पहिलें दळण बाराशें ठोके देऊनही ७८० च्या खालीं उतरत नाहीं. ही बरणी वादास न घेतां बाजूस ठेवावी. पूर्ण बसलेली पूड जींत मावत नाहीं ती बरणी कोणत्याही युक्तीनें भरतां येत नाहीं. दाबून भरण्याची युक्ति तर मुळींच करूं नये. दांड्यानें दाबलेली हळद माथ्याशीं कडक खपली धरते, खालीं हवा तशीच राहते, आणि गिऱ्हाइकाच्या घरीं ती चमच्यानें खणावी लागते.

१२०० च्या बरणींत दोन्ही दळणें सैलच मावतात. भरणारास कांहींच श्रम नाहींत. परंतु पूर्ण बसल्यावर पहिलें दळण १२५५ पैकीं ७८० जागा व्यापील, म्हणजे बरणीचा शेंकडा ३८ भाग रिकामा. दुसऱ्याचा ३५. गिऱ्हाईक ही बरणी हातीं घेऊन हलवील, आणि शेजारच्या दुसऱ्या मालाकडे वळेल. शिवाय मोठी बरणी महाग, खोक्यांत कमी मावणारी, आणि वाहतुकींत हवेचें भाडें भरावयास लावणारी.

९०० ची बरणी पाहिली तर मोह पडतो. भरण्याजोगी जागा ८९५, आणि पहिलें दळण तीस ठोक्यांनंतर ८९० वर येतें. पूर्ण बसल्यावर केवळ शेंकडा १७ ते १८ भाग रिकामा राहील. दोन खेपांत भरून, प्रत्येक खेपेनंतर बरणी फळीवर पंधरा वेळां आपटली तर काम होईल. परंतु दुसरें दळण येथें अडतें. तें तीस ठोक्यांनंतरही ९६० वरच असतें, आणि ८९५ च्या आंत येण्यास ऐंशी-नव्वद ठोके लागतात. हजार बरण्या हातानें भरावयाच्या असतां एवढे ठोके कोणी देत नाहीं. मग पूड सांडते, किंवा वजन कमी भरलें जातें. दुसरा परिणाम अधिक वाईट, कारण तेथें मंडळ वजनाच्या कायद्याच्या कक्षेंत येतें.

१००० च्या बरणींत जागा १००० आहे. पहिलें दळण १०४० वरून १००० वर येण्यास पांच-सहा ठोके पुरतात. दुसरें ११२० वरून वीस ठोक्यांच्या आंत येतें. पूर्ण बसल्यावर रिकामा भाग पहिल्याचा शेंकडा २६ व दुसऱ्याचा २२. हा भाग थोडा नव्हे, पण तो सांगून समजाविण्यासारखा आहे. दोन गिरण्यांची पूड एकाच बरणींत भरावयाची असेल तर घेण्याजोगी बरणी हीच.

यांतून निवडीचा नियम असा निघतो. बरणींत पूड *मावेल कीं नाहीं* हें सर्वांत हलक्या व फुगीर दळणावरून ठरवावें, आणि त्यास व्यवहारांत देतां येतील तेवढेच ठोके धरावे. बरणी *किती रिकामी दिसेल* हें सर्वांत जड व बसक्या दळणाच्या ठोकीव आंकड्यावरून ठरवावें. पहिली अट पाळून जी सर्वांत लहान बरणी मिळेल ती घ्यावी. सरासरी काढून तीवर बरणी घेणें हें मात्र टाळावें. सरासरीस बसणारी बरणी अर्ध्या मालास अपुरी पडते.

ज्या मंडळास ९०० ची बरणी हवी असेल त्यानें बरणीशीं न झगडतां दळणाशीं झगडावें. एकच गिरणी, एकच चाळणी आणि दळण्यापूर्वीं हळदीचा सारखा सुकेपणा ठेवला तर दोन दळणांतील अंतर कमी होतें. पहिल्या दळणासारखीच पूड नेहमीं मिळाली तर लहान बरणी निःशंक घ्यावी. बरणीमागें वांचणारे पैसे आणि दळण सारखें ठेवण्याचा खर्च यांची तुलना ज्याची त्यानें करावी.

नळीचा हिशेब आणि बरणीची परीक्षा

नळींतील ठोके आणि बरणीचे ठोके हे एक नव्हेत, हें विसरूं नये. नळी अरुंद, बरणी रुंद. नळी सरळ, बरणीस खांदा असतो, आणि खांद्याखालीं पूड कोपऱ्यांत शिरत नाहीं. म्हणून नळीवरून बरणी *निवडावी*, परंतु हजारांची मागणी देण्यापूर्वीं त्या बरणीच्या दहा नमुन्यांवर ती *पडताळावी*. प्रत्येकींत ५०० ग्रॅम पूड प्रत्यक्ष भरून किती ठोके लागले व कांठाखालीं किती जागा राहिली तें लिहावें. दहांपैकीं एकींतही पूड कांठावर आली तर बरणी लहान समजावी.

पुढें त्याच दहा बरण्या खोक्यांत घालून मालाच्या टेंपोबरोबर लांबच्या गांवीं पाठवून परत आणवाव्या. परत आल्यावर पुडीच्या माथ्याशीं बाहेरून खूण करावी. बरणी रिकामी करून, त्या खुणेपर्यंत पाणी भरून तोलावें. हें आकारमान नळींतल्या ठोकीव आकारमानाजवळ आलें तर आपला हिशेब खरा. तें बहुधा थोडें अधिक येईल. कारण एका प्रवासांत पूड पूर्ण बसतेच असें नाहीं. त्याहून कमी आलें तर मात्र नळीचे ठोके अपुरे पडले होते असें समजून पुन्हां मोजावें.

ऋतु बदलला, गिरणीचा दगड किंवा चाळणी बदलली, वा नव्या हंगामाची हळद आली, तर शंभर ग्रॅमची परीक्षा पुन्हां घ्यावी. पूर्ण बाराशें ठोके नकोत; सैल व तीस ठोक्यांचें एवढीं दोनच वाचनें पुरतात. १००० च्या बरणीस आपली मर्यादा अशी निघते: शंभर ग्रॅमांस तीस ठोक्यांनंतर २०० मिलिलिटरांहून अधिक जागा लागूं लागली, कीं ती पूड या बरणींत भरूं नये. हा एकच आंकडा भरण्याच्या खोलींत भिंतीवर लिहून ठेवावा. त्या पुडीस एक-दोन दिवस पोत्यांत बसूं द्यावें, अथवा जाडसर दळणांत सारखी मिसळावी, आणि पुन्हां मोजावी.

एक गैरसमज येथेंच दूर करणें अवश्य आहे. घनता कळली म्हणजे कांट्याची गरज संपली, मापाच्या वाटीनें भराभर भरावें, असें कांहींस वाटतें. आपल्याच कोष्टकाकडे पाहावें: २०८ मिलिलिटरची वाटी पहिल्या दळणानें सैल भरली तर १०० ग्रॅम पूड येते, तीच पूड पोत्याच्या तळाची, पूर्ण बसलेली असेल तर त्याच वाटींत १३३ ग्रॅम येते, आणि वाटी दुसऱ्या दळणानें सैल भरली तर ९३ ग्रॅमही येत नाहींत. घनता बरणी निवडण्यासाठीं. वजन ठरविण्यासाठीं नेहमीं कांटाच. प्रत्येक बरणीचें रिकामें वजन वजा करून आंतील पूड ५०० ग्रॅम भरली कीं नाहीं हें पाहूनच झांकण लावावें.

राहिला प्रश्न रिकाम्या दिसणाऱ्या चौथाईचा. कांहीं विक्रेते उंच चिठ्ठी लावून ती जागा झांकतात. आमच्या मतें हा मार्ग बरोबर नाहीं. झांकण उघडल्याबरोबर गिऱ्हाइकास जें दिसणार तें लपवून संशयच वाढतो. त्यापेक्षां चिठ्ठीवर वजनाजवळच स्पष्ट अक्षरांत छापावें: "हा माल वजनानें भरला आहे. प्रवासांत पूड खालीं बसते." ज्या बरणीचें माप आपण मोजून निवडलें आहे, तिच्यावर हें वाक्य निर्भयपणें छापतां येतें, कारण कोणी विचारलें तर पूड भरतेवेळीं कोठपर्यंत होती व बसल्यावर कोठें आली, हे दोन्ही आंकडे मंडळाच्या वहींत लिहिलेले असतात.